एका ऑर्डरची आगाऊ रक्कम, हप्ते आणि प्रत्येक कागदावरची बाकी

मोठं काम घेतलं की पैसे एकदम येत नाहीत. आधी आगाऊ रक्कम येते, मग एक-दोन हप्ते, माल पोचल्यावर आणखी काही आणि सगळं जागेवर बसल्यावर उरलेले. दरम्यान त्याच ऑर्डरचे चार-पाच कागद ग्राहकाच्या हातात जातात: ऑर्डरची पुष्टी, आगाऊ रकमेची पावती, हप्त्यांच्या पावत्या, डिलिव्हरी चलन, शेवटी बिल. या कागदांवर बाकीचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत की वाद सुरू होतो. अशा वादात ग्राहक त्याच्या बाजूचा सर्वांत कमी बाकी दाखवणारा कागद पुढे करणार, हे गृहीतच धरावं.

या लेखात हा हिशोब साध्या स्प्रेडशीटमध्ये कसा बसवायचा ते एक ऑर्डर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून दाखवलं आहे. तुमच्याकडे बिलिंगचं तयार सॉफ्टवेअर असेल तरी पद्धत तीच राहते, फक्त रकाने आधीच आखलेले मिळतात.

बाकी कधीही हाताने लिहायची नाही

नवखा माणूस साधारणपणे ऑर्डरच्या ओळीतच ‘आगाऊ’ आणि ‘बाकी’ असे दोन रकाने करतो. पहिले पैसे आले की आगाऊच्या रकान्यात लिहितो, बाकीचा आकडा वजा करून टाकतो. दुसरा हप्ता आला की बाकीचा जुना आकडा खोडून नवा लिहितो. तिसऱ्या हप्त्यापर्यंत मधले पैसे कधी आले, रोख की चेकने, याचा मागमूस राहत नाही. एखाद्या वेळी वजाबाकी चुकली असेल तर ती कुठे चुकली हेही सापडत नाही, कारण आधीचा आकडाच उरलेला नसतो.

म्हणून लिहायच्या गोष्टी दोनच: काम कितीचं ठरलं आणि पैसे किती आले. बाकी ही या दोघांतली वजाबाकी आहे. ती प्रत्येक वेळी नव्याने काढायची, साठवून ठेवायची नाही.

यासाठी दोन शीट लागतात. पहिल्या शीटचं नाव `Orders` ठेवा. त्यात चार रकाने: A मध्ये ऑर्डर क्रमांक, B मध्ये तारीख, C मध्ये तपशील, D मध्ये रक्कम. दुसऱ्या शीटचं नाव `Payments`. त्यात A मध्ये नोंद क्रमांक, B मध्ये ऑर्डर क्रमांक, C मध्ये तारीख, D मध्ये रक्कम, E मध्ये पैसे कसे आले, F मध्ये शेरा.

एका वेळी आलेल्या पैशांची एक ओळ, मग रक्कम लहान असो की मोठी. आगाऊ रक्कमही इथे बाकीच्या हप्त्यांसारखीच एक ओळ असते, तिच्यासाठी वेगळा रकाना नको. नोंद क्रमांक सगळ्या ऑर्डरना मिळून एकच, चढत्या क्रमाने जाणारा ठेवा आणि तोच पावतीवर छापा. एकदा दिलेला क्रमांक पुन्हा वापरायचा नाही आणि लिहिलेली ओळ पुसायची नाही. हा नियम आत्ता जरा कडक वाटेल, पण चेक परत आला की त्याचा उपयोग कळतो.

कागदावर जाणारे चार आकडे

तिसरी शीट म्हणजे छापायचा कागद. तिच्यात तीन गोष्टी तुम्ही भरता: B1 मध्ये ऑर्डर क्रमांक, B2 मध्ये कागदाची तारीख आणि B3 मध्ये ‘कोणत्या नोंदीपर्यंत’ हा क्रमांक. पावती असेल तर B3 मध्ये त्या पावतीचाच नोंद क्रमांक येतो. चलन किंवा बिल असेल तर त्या क्षणी `Payments` मध्ये जी सर्वांत शेवटची नोंद असेल तिचा क्रमांक, मग ती दुसऱ्या ऑर्डरची असली तरी चालते.

उरलेलं काम सूत्रं करतात. खालच्या चार ओळी अनुक्रमे B5, B6, B7 आणि B8 मध्ये टाका:

```
=SUMIFS(Orders!D:D,Orders!A:A,B1,Orders!B:B,"<="&B2)
=SUMIFS(Payments!D:D,Payments!B:B,B1,Payments!A:A,"<="&B3)
=SUMIFS(Payments!D:D,Payments!B:B,B1,Payments!A:A,B3)
=B5-B6
```

पहिलं सूत्र त्या तारखेपर्यंत ऑर्डर एकूण कितीची झाली ते सांगतं. दुसरं त्या नोंदीपर्यंत एकूण किती जमा झालं ते, तिसरं फक्त या पावतीचे पैसे आणि चौथं बाकी. पावतीवर ‘यापूर्वी जमा’ अशी ओळही हवी असेल तर ती `=B6-B7` ने मिळते. तुमच्या संगणकावर स्वल्पविराम घेतला जात नसेल तर त्याच्या जागी अर्धविराम द्या. काही प्रादेशिक सेटिंगमध्ये तसं असतं.

जमा रक्कम तारखेने न मोजता नोंद क्रमांकाने का मोजली, असा प्रश्न इथे पडू शकतो. एकाच दिवशी सकाळी रोख आणि संध्याकाळी बँकेतून असे दोनदा पैसे आले, तर तारखेवर मोजणारं सूत्र दोन्ही पावत्यांवर एकच बाकी दाखवेल. सकाळची पावती संध्याकाळी पुन्हा छापली तर ती सकाळी दिलेल्या पावतीशी जुळणार नाही. नोंद क्रमांकाने मोजलं की प्रत्येक पावती आपल्या जागी गोठून राहते.

एक ऑर्डर, पहिल्यापासून शेवटपर्यंत

समजा भिंतीतल्या कपाटांचं काम आहे. ऑर्डर क्रमांक ११७, ठरलेली रक्कम करासहित ८४,०००. `Orders` मध्ये एक ओळ जाते. ऑर्डरची पुष्टी ग्राहकाला पाठवताना तिच्यावर एकूण ८४,०००, जमा ०, बाकी ८४,००० असंच छापलं पाहिजे. आगाऊ २५,००० मिळणार हे ठरलेलं असलं तरी ते अजून आलेले नाहीत. पुष्टीच्या कागदावर ‘आगाऊ २५,०००, बाकी ५९,०००’ असं लिहून दिलं, तर तो कागद पैसे मिळाल्याची कबुली म्हणून वाचला जाऊ शकतो. अपेक्षित आगाऊ रक्कम लिहायचीच असेल तर बाकीच्या हिशोबाबाहेर, ‘काम सुरू करण्यासाठी देय’ अशा वेगळ्या ओळीत लिहा.

पैसे आले. नोंद ४१, रक्कम २५,०००. पावतीवर: एकूण ८४,०००, आता मिळाले २५,०००, बाकी ५९,०००.

पुढे २०,०००चा चेक येतो. नोंद ४६. पावतीवर बाकी ३९,०००. मात्र चेक हातात येणं आणि तो वटणं यांत काही दिवस जातात, म्हणून चेकच्या पावतीवर ‘चेक वटण्याच्या अधीन’ ही ओळ हवीच. चेक वटेपर्यंत नोंदच करू नये असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. ग्राहकाने चेक दिला आणि त्याच्या हातात काहीच कागद नाही, ही अवस्था जास्त वाईट. नोंद करा, पावती द्या आणि अट छापा.

आता समजा तो चेक परत आला. इथे हात नोंद ४६ पुसण्याकडे जातो. ती पुसली तर ग्राहकाकडे असलेल्या पावती ४६ला तुमच्या वहीत आधारच उरत नाही. त्याऐवजी नवी ओळ लिहा: नोंद ४९, ऑर्डर ११७, रक्कम -२०,०००, शेरा ‘नोंद ४६चा चेक वटला नाही’. सूत्रं आपोआप बाकी पुन्हा ५९,००० दाखवतात. नोंद ४९चाही कागद निघतो आणि तो ग्राहकाला पाठवायचा असतो: पावती ४६ची रक्कम रद्द, आजची बाकी ५९,०००. हा कागद पाठवला नाही तर ग्राहकाच्या फायलीत ३९,००० हाच शेवटचा आकडा राहतो. बँकेने चेक परत केल्याचा आकार लावला आणि तो ग्राहकाकडून घ्यायचं ठरलं असेल, तर तो `Orders` मध्ये वेगळी ओळ म्हणून चढवा. वजा नोंदीत मिसळू नका. आपल्या उदाहरणात तो धरलेला नाही.

दोन दिवसांनी ग्राहक बँकेतून थेट २०,००० पाठवतो. नोंद ५०, बाकी ३९,०००.

मग काम वाढतं. ग्राहकाला खाली खणही हवे आहेत, त्याचे ६,५००. जुन्या ओळीतले ८४,००० खोडून ९०,५०० करायचे नाहीत. `Orders` मध्ये त्याच ११७ क्रमांकाने, आजच्या तारखेची दुसरी ओळ घाला: ‘वाढीव काम, खण’, ६,५००. एकूण ९०,५००, बाकी ४५,५००. जुनी रक्कम खोडली असती तर पावती ४१ पुन्हा छापताना तिच्यावर एकूण ९०,५०० दिसलं असतं, आणि ग्राहकाकडच्या मूळ प्रतीवर ८४,००० आहे. वेगळ्या ओळीमुळे आणि B2 मधल्या तारखेमुळे जुनी पावती आजही ८४,०००च दाखवते. काम कमी झालं किंवा सूट दिली तरी हेच: ऋण रकमेची नवी ओळ.

वाढीव कामाचाही कागद ग्राहकाला गेला पाहिजे आणि त्यावर नवी बाकी असली पाहिजे. बहुतेक भांडणं या कागदाच्या अभावी होतात. हप्त्यांच्या हिशोबात कुणी सहसा चूक काढत नाही. ‘हे सहा हजार कुठून आले?’ हाच प्रश्न येतो.

कपाटं पोचवताना चलन जातं. त्यावर वस्तूंची यादी मुख्य असते, तरी तळाशी तीन ओळी असू द्या: एकूण ९०,५००, आजवर जमा ४५,०००, बाकी ४५,५००. B7 ची ‘आता मिळाले’ ही ओळ चलनावरून काढून टाका, नाहीतर माल घेताना ग्राहकाने पैसे दिले असा अर्थ निघू शकतो. माल उतरवल्यावर खरोखरच ३०,००० मिळाले तर त्याची वेगळी नोंद, क्रमांक ५७, आणि वेगळी पावती. बाकी १५,५००.

बिलावर गल्लत इथे होते

बिल ९०,५००चं काढायचं की १५,५००चं? बिल संपूर्ण कामाचं, म्हणजे ९०,५००चंच निघतं. त्याखाली आधी मिळालेल्या रकमा वजा होतात आणि शेवटी देय रक्कम येते. ११७ क्रमांकाच्या बिलाचा तळ असा दिसेल:

```
एकूण बिल (करासहित)            ९०,५००
वजा: नोंद ४१, आगाऊ            २५,०००
वजा: नोंद ५०, बँक              २०,०००
वजा: नोंद ५७, रोख              ३०,०००
आता देय                        १५,५००
```

नोंद ४६ आणि ४९ एकमेकींना खोडतात, त्यामुळे बिलावर त्या दाखवल्या नाहीत तरी चालतं. पण खातेउताऱ्यात दोन्ही असल्याच पाहिजेत.

बिलावर ‘एकूण बिल’ आणि ‘आता देय’ यांतला दुसरा आकडा ठळक असावा. उलट छापलं तर काही ग्राहक पूर्ण ९०,५०० पाठवून देतात आणि मग परताव्याचं काम मागे लागतं.

कर नेहमी संपूर्ण कामाच्या रकमेवर मोजायचा, उरलेल्या बाकीवर नाही. १५,५०० ही आधीच करासहित रकमेतून उरलेली बाकी आहे. तिच्यावर पुन्हा कर लावला तर ग्राहक तेवढा भाग दोनदा भरतो. आगाऊ रक्कम हाती येताच तिच्यावर कर भरावा लागतो की बिलाच्या वेळी, हे ठिकाणानुसार आणि कामाच्या प्रकारानुसार बदलतं. तेवढं आपल्या कर सल्लागाराला पहिल्याच ऑर्डरच्या आधी विचारून घ्या, कारण त्यावर पावतीचा नमुनाही बदलू शकतो.

दुसरी गल्लत जमाखर्चात होते. आगाऊ आलेले २५,००० म्हणजे विक्री नव्हे. काम व्हायचं आहे, तोवर ते आपण ग्राहकाला लागत असलेलं देणं आहे. आगाऊ रक्कम आली त्या दिवशी ती विक्रीत लिहिली आणि नंतर ९०,५००चं पूर्ण बिलही विक्रीत गेलं, तर विक्री १,१५,५०० दिसेल. ओळखायची खूण सोपी आहे: ग्राहकाने सगळे पैसे चुकते केलेले असूनही त्याच्या खात्यावर आगाऊ रकमेइतकी बाकी दिसत राहते आणि विक्रीचा आकडा बिलांच्या बेरजेपेक्षा नेमका तेवढाच जास्त येतो. आगाऊ रक्कम ‘ग्राहकांकडून आगाऊ’ या खात्यात ठेवा आणि बिल काढताना तिथून ग्राहकाच्या खात्यात वळती करा.

शेवटचे १५,५०० आले की नोंद ६३. बाकी ०. या पावतीवरही बाकीची ओळ ठेवायची. ग्राहकाला पुढे कधीतरी ‘सगळे पैसे दिले’ हे दाखवायचं असेल तर हाच कागद त्याच्या कामाचा.

एकूण बाकी आणि आज देय

हप्त्यांच्या तारखा ठरलेल्या असतील तर कागदावर दोन वेगळे आकडे लागतात. बाकी ४५,५०० असली तरी आज त्यातले ३०,०००च द्यायचे आहेत. फक्त बाकी छापली तर ग्राहकाला वाटतं तुम्ही सगळंच मागताय. फक्त हप्ता छापला तर पुढचं विसरलं जातं. दोन्ही छापा, ‘आज देय’ वर आणि ‘एकूण बाकी’ खाली.

रक्कम समान हप्त्यांत वाटताना शेवटचा हप्ता भागाकाराने काढू नका. ९०,५०० तीन हप्त्यांत वाटले तर प्रत्येकी ३०,१६७ लिहिण्याचा मोह होतो, पण बेरीज ९०,५०१ होते. पहिले दोन ३०,१६७ आणि शेवटचा ‘जे उरेल ते’, म्हणजे ३०,१६६.

एकच रक्कम, दोन ऑर्डरी

जुन्या ग्राहकाच्या दोन ऑर्डरी एकाच वेळी चालू असतात आणि तो एकदम ५०,००० पाठवतो. ती रक्कम कोणत्या ऑर्डरची, हे तुम्ही मनाने ठरवायचं नाही. त्याला विचारायचं आणि उत्तर लेखी ठेवायचं. ११७ला ३०,००० आणि १२२ला २०,००० असं ठरलं तर `Payments` मध्ये दोन नोंदी, दोन पावत्या, दोन्हींच्या शेऱ्यात बँकेचा तोच व्यवहार क्रमांक. बँकेच्या उताऱ्याशी ताळा घालताना या शेऱ्यावरूनच दोन्ही ओळींची बेरीज एका जमेशी जुळते.

रक्कम बाकीपेक्षा जास्त आली तर B8 मध्ये ऋण आकडा येतो. ‘बाकी -१,५००’ असं छापलं तर निम्म्या लोकांना ते आपल्यालाच द्यायचं आहे असं वाटतं. तिथे ‘जादा जमा १,५००’ असं लिहा. ती रक्कम परत करायची की पुढच्या ऑर्डरकडे वळवायची ते विचारा. वळवायची असेल तर जुन्या ऑर्डरवर ऋण आणि नव्यावर धन अशा दोन नोंदी होतात.

ताळा कसा घालायचा

सूत्रं बरोबर असूनही बाकी चुकते, ती बहुतेक वेळा लिखाणामुळे. रकमेच्या रकान्यात कोणी ‘20000 रोख’ असं लिहिलं तर स्प्रेडशीट ते अक्षर समजते आणि बेरजेत धरत नाही. कुठेही लाल खूण येत नाही, फक्त ग्राहकाची बाकी २०,०००ने जास्त दिसत राहते. खालच्या सूत्राचं उत्तर शून्य आलं पाहिजे. जितकं येईल तितक्या ओळी अक्षर झालेल्या आहेत:

```
=COUNTA(Payments!D2:D500)-COUNT(Payments!D2:D500)
```

हेच A रकान्यासाठीही करा. नोंद क्रमांक अक्षररूपात गेला तर ‘इतक्या नोंदीपर्यंत’ ही तुलना ती ओळ वगळते.

दुसरी चूक चुकीच्या ऑर्डर क्रमांकाची. ११७च्या जागी १७१ लिहिलं आणि तशी ऑर्डरच नसेल तर ते पैसे कोणाच्याच कागदावर दिसत नाहीत. हे पकडण्यासाठी `Payments` च्या G2 मध्ये पुढचं सूत्र टाकून खाली ओढा. जिथे ० येईल तो क्रमांक `Orders` मध्ये नाही:

```
=COUNTIF(Orders!A:A,B2)
```

चुकीचा क्रमांक दुसऱ्या खऱ्या ऑर्डरचा निघाला तर मात्र हे सूत्र गप्प बसतं. ते बहुतेक वेळा ग्राहकाला पावती देताना उघडकीस येतं, कारण पावतीवर दुसऱ्याच कामाची बाकी छापलेली असते. म्हणून पावती देताना ऑर्डर क्रमांकासोबत ग्राहकाचं नाव आणि कामाचं दोन शब्दांत वर्णनही छापा.

प्रत्येक कागद दिल्यावर त्याची पीडीएफ प्रत ऑर्डर क्रमांकाच्या फोल्डरमध्ये ठेवा. वरच्या सूत्रांनी जुनी पावती पुन्हा तशीच छापता येते हे खरं, पण मागच्या तारखेची एखादी ओळ कोणी `Orders` मध्ये घुसवली तर पुन्हा छापलेली पावती बदलेल. दिलेली प्रत आणि आज छापलेली प्रत यांत फरक पडला, तर मधल्या काळात मागच्या तारखेने काय चढलं ते आधी शोधा.